‘मीठ हाय का?’: भाषिक कृती ओळखताना या चुका टाळा

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका खानावळीत आमच्या एमएच्या मुलांनी दोन दिवस बसून लोकांचं बोलणं टिपून आणलं. वहीत डावीकडे वाक्य आणि उजवीकडे रकाना: ही कोणती भाषिक कृती, म्हणजे हे बोलून माणसाने नेमकं काय केलं? वह्या तपासायला घेतल्या आणि पहिल्याच पानावर अडलो. एक गिऱ्हाईक वाढणाऱ्या बाईंना म्हणालं, “मावशी, मीठ हाय का?” आणि रकान्यात लिहिलं होतं, ‘प्रश्न’.

इथे दोन चुका आहेत. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी भाषिक कृतींचे पाच वर्ग केले: विधान करणाऱ्या, ऐकणाऱ्याला काही करायला लावणाऱ्या (निर्देशक), बोलणाऱ्याला स्वतःलाच बांधून घेणाऱ्या (वचनदर्शक), भाव व्यक्त करणाऱ्या आणि घोषणा करणाऱ्या. त्यात प्रश्नांचा वेगळा वर्ग नाही. प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला लावणं, म्हणून प्रश्नही निर्देशकच. सहावा वर्ग आपणच काढायचा नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. मावशी “हाय की” म्हणाल्या आणि मिठाची वाटी घेऊनच आल्या. नुसता प्रश्न असता तर “हाय की” एवढ्यावर काम भागलं असतं. तेवढंच बोलून त्या भाकरी थापायला वळल्या असत्या, तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, “अवो, मग द्या की!” म्हणजे वाक्यात दोन कृती आहेत: वरवरची माहिती विचारण्याची आणि खरी मीठ मागण्याची. मावशींनी शब्दांनी पहिलीला उत्तर दिलं, वाटीने दुसरीला. सर्ल यांनी 1975 मध्ये अप्रत्यक्ष कृतींवर लिहिताना हेच दाखवलं. मागणीला त्यांनी प्रमुख कृती म्हटलं, अक्षरशः विचारलेल्या गोष्टीला दुय्यम. दुय्यम कृती पुसून जात नाही, म्हणून रकान्यात दोन्ही लिहायच्या.

मीठ मागायचं तर मीठ असायला हवं, आणि समोरच्याला ते देणं जमायलाही हवं. मागणीची अशी एखादी पूर्वअट पुरी होते का, एवढंच विचारलं की मागणी आपोआप पोचते. इंग्रजी पुस्तकांतलं नेहमीचं उदाहरण जमण्याबद्दल विचारतं. आपली मुलं त्याचं भाषांतर करतात, “तुम्ही मीठ देऊ शकता का?” आणि त्यावरच नियम बसवतात. पंगतीत असं कुणी म्हणालं तर शेजारचा आधी स्वतःच्या हाताकडे बघेल. आपण म्हणतो, “मीठ देता का जरा?” किंवा “देशील का?” यात जमतं का हे विचारलेलं नाही, देणार का हे विचारलंय. आडून मागण्याच्या वाक्यांची सर्ल यांनी जी यादी केली, तिच्यात हा गट वेगळा आहे. “देता येईल का?” हेही चालतं, पण ते थोडं अंतर राखून बोलणं झालं. तेव्हा नमुने आपल्या बोलण्यातूनच घ्या.

शंका आली तर एक सोपी कसोटी आहे: हे वाक्य तुम्ही तिसऱ्याला कसं सांगाल? “त्याने मीठ आहे का विचारलं” की “त्याने मीठ मागितलं”? मात्र यात सांगणाऱ्याची समजूतही मिसळते, म्हणून पुढे काय घडलं तेही वहीत टिपायचं.

व्याकरणाच्या रूपावर वर्ग ठरवणं ही चूक तर पानापानावर होती. “रस्सा वाढू का?” हे निर्देशकात टाकलेलं. अक्षरशः तो प्रश्न आहेच, पण वाढणार कोण? विचारणाऱ्या मावशीच. “हो” म्हटलं की त्या बांधल्या गेल्या, म्हणून प्रमुख कृती वचनदर्शक. उलट “पाव्हणं, सावकाश होऊ द्या” हे दिसायला आज्ञार्थी. पण ते ऐकून कुणी घास हळू चावत नाही आणि कुणी भराभर जेवलं म्हणून यजमान रागावतही नाही. तो आदराचा उपचार आहे. मी तो भावदर्शकात धरतो. माझ्या एका सहकाऱ्याला हे पटत नाही, ते त्याला सौम्य निर्देशकच म्हणतात.

सगळ्यात मजेदार चूक ‘येतो’ची. रोजचा एक डबेवाला मुलगा हात धुऊन निघताना म्हणाला, “येतो मावशी.” वहीत नोंद: वचनदर्शक, परत येण्याचं वचन. पण निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. तो संध्याकाळी फिरकला नाही तरी शब्द मोडला असं कुणी म्हणणार नाही. जे मोडताच येत नाही ते वचन कसलं?

त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी दुपारी जाताना म्हटलं, “रात्री मित्राला घेऊन येतो, दोन ताटं ठेवा.” हा ‘येतो’ वचनाचा, आणि ‘ठेवा’ हा निर्देशक. मावशींनी ताटं झाकून ठेवली, हा आलाच नाही. पुढच्या खेपेला त्यांनी काही न बोलता तीन ताटांचे पैसे लावले.