अपघाताच्या लांब अहवालात जखमी, नुकसान आणि कामं यांचे तक्ते कसे करावेत

पावसाळा लागला की ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत उघड्यावरचा माल आत येतो, गोदामातली वाट अरुंद होते आणि फोर्कलिफ्ट कुठेतरी घासते. तसाच एक नमुना घेऊ. समजा रबाळ्याच्या एका गोदामात १४ जुलैला दुसऱ्या पाळीत वळणावर फोर्कलिफ्ट रॅकच्या खांबाला आदळली. खांब वाकला, वरचे ड्रम पडले, तिघांना लागलं. चौकशीचा अहवाल वीस पानांवर गेला. जबाब, फोटो, नकाशा हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरतो आणि थेट तक्त्यांकडे येतो.

तक्ते तीन करा, एकच नको. जखमी, नुकसान आणि कामं एका तक्त्यात कोंबली की प्रत्येक ओळीत निम्मे रकाने रिकामे राहतात आणि वाचणाऱ्याला काय कुणाचं ते कळत नाही. प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या: ज-१, नु-१, का-१. मजकुरात नंतर ‘सदर हेल्पर’ किंवा ‘वरील वस्तू’ असं न लिहिता हेच क्रमांक वापरा. एखादी ओळ काढून टाकावी लागली, तर तिचा क्रमांक दुसऱ्या ओळीला देऊ नका.

जखमींचा तक्ता. एक माणूस, एक ओळ. रकाने: क्रमांक, नाव, काम, कायम की कंत्राटी (कंत्राटी असल्यास कोणाकडचा), काय लागलं, काय उपचार झाले, आणि शेवटी ‘सद्यस्थिती’. सद्यस्थितीत तारीख आणि वेळ हवीच. ‘किरकोळ’ आणि ‘गंभीर’ हे शब्द या तक्त्यातून हद्दपार करा. आपल्या नमुन्यात ज-२ म्हणजे फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर. पहिल्या रात्री त्याचं मनगट दुखत होतं, मलम लावून तो घरी गेला. दोन दिवस कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर. जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर त्या अपघाताची सूचना अधिकाऱ्यांना द्यावी लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हीच मर्यादा होती आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. पहिल्या दिवशी ‘किरकोळ’ लिहून मोकळं झालेला माणूस ती ओळ पुन्हा उघडत नाही. ‘उजव्या मनगटाला सूज, एक्स-रे काढलेला नाही, १४ जुलै रात्री १०’ असं लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी फोन केला असता.

मोबाइल, आधार क्रमांक आणि वैद्यकीय कागद या तक्त्यात घालू नका. बाकी खात्यांत फिरणाऱ्या प्रतीत नावाचा रकाना काढून फक्त ज-१, ज-२ ठेवा.

नुकसानीचा तक्ता. इथे फारसं अवघड काही नाही. वस्तू, तिच्यावरचा टॅग क्रमांक, काय मोडलं, पुढे दुरुस्ती की बदल की भंगार, आणि रक्कम. रकान्याच्या डोक्यावर ही रक्कम नव्या खरेदीची आहे की हिशेबातली, ते लिहा. दोन्ही मिसळल्या की विम्याचा सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवतो. तो पाहून जाईपर्यंत वाकलेला खांब भंगारवाल्याला देऊ नका. बेरजेसाठी वर्डमध्ये `=SUM(ABOVE)` चालतं, पण मधला एखादा चौकोन रिकामा असेल तर बेरीज तिथेच थांबते. तिथे शून्य टाका.

कामांचा तक्ता. मला सगळ्यात जास्त इथेच झगडावं लागलं, आणि बहुतेक अहवालही इथेच पडतात. नेहमी दिसणारी ओळ अशी: ‘फोर्कलिफ्टची वाहतूक सुरक्षित करणे, जबाबदारी: स्टोअर व मेंटेनन्स, मुदत: तत्काळ.’ ही ओळ कधीच पूर्ण होत नाही. दोन खाती म्हणजे दोघंही एकमेकांकडे बघणार. ‘तत्काळ’ ही तारीख नाही, त्यामुळे काम उशिरा झालं असं कोणाला म्हणताच येत नाही. आणि वाहतूक ‘सुरक्षित’ झाली हे कशावरून ठरवायचं, तेही लिहिलेलं नाही. मी ओळ तपासताना एकच प्रश्न विचारतो: बाहेरचा माणूस गोदामात जाऊन हे झालं की नाही ते बघू शकेल का? नाही म्हणालात, तर ओळ फोडा.

फोडल्यावर ती अशी होते:

| क्र. | काम | जबाबदार | तारीख | झाल्याचा पुरावा |
|---|---|---|---|---|
| का-१ | वाकलेल्या खांबाच्या दोन्ही बाजूंचे कप्पे रिकामे करून पट्टी बांधणे | स्टोअर प्रमुख | १५ जुलै | फोटो |
| का-२ | खांब नवा बसवणे (नु-१) | मेंटेनन्स इंजिनियर | ५ ऑगस्ट | रॅक बनवणाऱ्याचं तपासणीपत्र |
| का-३ | वळणावरच्या खांबांना जमिनीत बोल्ट केलेले गार्ड लावणे | मेंटेनन्स इंजिनियर | १२ ऑगस्ट | फोटो, बिल |
| का-४ | पावसाळ्यातल्या जादा पॅलेट्ससाठी शेड की भाड्याचं गोदाम, ते ठरवणे | प्लान्ट मॅनेजर | ३१ जुलै | सही केलेला निर्णय |

का-१ आणि का-२ वेगळे का? तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय एका ओळीत असले, की तात्पुरता झाल्यावर ओळ ‘पूर्ण’ होते आणि पट्टी बांधलेला रिकामा रॅक वर्षभर तसाच राहतो. किंवा कोणीतरी खांब ठोकून सरळ करतो आणि पुन्हा माल चढवतो. वाकून सरळ केलेल्या खांबाची ताकद कमी झालेली असते, तो बदलायचाच.

का-४ कडे नीट बघा. वाट अरुंद झाली होती म्हणून फोर्कलिफ्ट आदळली, म्हणजे मूळ कारण तिथे आहे. ते काम स्टोअर प्रमुखाच्या नावावर टाकणं अन्याय आहे, कारण भाड्याच्या गोदामाचा खर्च त्याच्या सहीने मंजूर होत नाही. जबाबदार माणूस तोच, ज्याच्या हातात ते करण्याचा अधिकार आणि पैसा आहे. नाव एकच, शेजारी हुद्दा. कंत्राटदाराचा सुपरवायझर या रकान्यात नको; त्याच्याकडून काम करून घेणारा तुमचा माणूस हवा. आणि अहवाल फिरण्याआधी त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून विचारा, ‘साहेब, ३१ तारीख जमेल ना?’ न विचारता लिहिलेली तारीख ही फक्त तुमची असते.

‘कामगारांना सूचना देण्यात याव्यात’ ही ओळ मी खोडतो. वळणावर गार्ड नाही, वाटेत पॅलेट आहेत, अशा ठिकाणी ड्रायव्हरला जपून चालव म्हणणं म्हणजे सगळा भार त्याच्या डोक्यावर टाकणं. प्रशिक्षण ठेवायचंच असेल तर बाकी ओळींच्या जोडीला, आणि कोणाला, कशाचं, कोणत्या तारखेला, ते लिहून.

मग तिन्ही तक्ते शेजारी ठेवून उलटी तपासणी करा. प्रत्येक ‘ज’ आणि ‘नु’ कोणत्या ‘का’कडे जातो? आपल्या नमुन्यात ज-३ च्या कपाळाला मार लागला तो ड्रम घरंगळल्याने, आणि वरच्या चार ओळींत ड्रम बांधण्याबद्दल काहीच नाही. पाचवी ओळ इथे सापडते.

पानांची मांडणी दोन मिनिटांची. शीर्षकाची ओळ निवडून `Repeat Header Rows` चालू करा, आणि ओळ दोन पानांवर तुटू नये म्हणून `Allow row to break across pages` ची खूण काढा.

अहवाल गेल्यावर का-तक्ता दर सुरक्षा बैठकीत उघडा. पुरावा जबाबदार माणसाने द्यायचा, तपासायचा दुसऱ्याने. मुदत हुकली तर जुनी तारीख खोडू नका. शेजारी ‘सुधारित तारीख’ असा रकाना घ्या आणि कारण लिहा.