मंगळाच्या राशीवरून प्रेमातला पुढाकार वाचताना या चुका टाळा

पाश्चात्य पत्रिकेत मंगळ ज्या राशीत असतो, तिच्यावरून ज्योतिषी माणसाची प्रेमातली पुढाकाराची तऱ्हा सांगतात. कोणी आवडलं तर हा माणूस सरळ जाऊन बोलेल, आधी अंदाज घेईल, की महिनोन्महिने नुसता आसपास वावरेल, हा मंगळाचा प्रांत. काय आवडतं हे शुक्र सांगतो आणि आवडलेल्याकडे पाऊल कसं टाकलं जातं हे मंगळ सांगतो, अशी ही साधी विभागणी आहे. वर्णनं वाचायला सोपी असतात, पण वाचण्याआधी आणि वाचताना काही चुका इतक्या सर्रास होतात की वर्णन भलत्याच माणसाचं वाटू लागतं. या चुका समजून घेण्यासाठी एकच पत्रिका शेवटपर्यंत हाताशी धरू: जन्म १५ फेब्रुवारी १९९३, दुपारची वेळ.

निरयन पत्रिकेतली रास घेऊन पाश्चात्य वर्णन वाचणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि मराठी वाचकांकडून तर हमखास होणारी. पाश्चात्य ज्योतिषी सायन राशिचक्र वापरतात. त्यात मेषेचा आरंभ वसंतसंपातापासून धरतात. आपल्या नेहमीच्या पत्रिकेचं चक्र निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेलं असतं. या दोन आरंभबिंदूंमधलं अंतर म्हणजे अयनांश. १९९३ साली लाहिरी अयनांश पावणेचोवीस अंशांच्या जवळ होता, आज तो चोवीस अंशांच्या थोडा पुढे आहे. एक रास तीस अंशांची असल्यामुळे दर पाचातल्या साधारण चार पत्रिकांमध्ये निरयन मंगळ सायन मंगळापेक्षा एक रास मागे दिसतो.

आपल्या उदाहरणात सायन मंगळ कर्केच्या आठ ते नऊ अंशांदरम्यान आहे. त्यातून अयनांश वजा केला की तो मिथुनेच्या पंधराव्या अंशाच्या आसपास येतो. म्हणजे या व्यक्तीच्या घरी ठेवलेल्या पत्रिकेत मंगळ मिथुनेत लिहिलेला असणार. ती व्यक्ती 'मिथुनेतला मंगळ' हे पाश्चात्य वर्णन उघडते आणि वाचते: शब्दांनी जिंकणारा, सतत संदेश पाठवणारा, चेष्टामस्करीतून जवळ येणारा, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गप्पा रंगवणारा. कर्केतल्या मंगळाचं वर्णन मात्र वेगळंच असतं. हा माणूस थेट समोरून येत नाही, बाजूने येतो. आजारपणात विचारपूस, परीक्षेच्या दिवशी आठवणीने केलेला फोन, अडचणीत न बोलता केलेली मदत, ही त्याची पावलं. नकाराची शक्यता दिसली की तो कवचात जातो आणि पुन्हा बाहेर यायला वेळ घेतो.

आपण कोणतं चक्र पाहतो आहोत हे ओळखायला बरेच जण फक्त सूर्यरास तपासतात. ते नेहमी पुरत नाही. १५ फेब्रुवारीला सायन सूर्य कुंभेतच असतो आणि निरयन सूर्यही नुकताच कुंभेत शिरलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडे 'कुंभ' लिहिलेलं दिसतं आणि सगळं जुळतंय असा समज होतो. अंश पाहिले की फरक उघड होतो: सायन पत्रिकेत सूर्य सव्वीस-सत्तावीस अंशांवर, निरयन पत्रिकेत जेमतेम तीनच्या आसपास. म्हणून पत्रिका काढताना सेटिंगमध्ये 'ट्रॉपिकल' किंवा 'सायन' निवडलंय ना हे पाहा आणि मग सूर्याचे अंशही बघा.

एक गोष्ट मात्र चक्र बदललं तरी तशीच राहते. दोन ग्रहांमधलं अंतर दोन्हीकडे तेवढंच असतं, कारण सगळेच ग्रह सारख्याच अंशांनी मागे सरकतात. मंगळ आणि शुक्र यांच्यात केंद्रयोग, म्हणजे साधारण नव्वद अंशांचं अंतर, असेल तर तो सायन पत्रिकेतही आहे आणि निरयन पत्रिकेतही. बदलतं ते राशीचं नाव.

'नीच' म्हणजे प्रेमात दुबळा असं समजणं

मेष आणि वृश्चिक या मंगळाच्या स्वतःच्या राशी, मकरेत तो उच्चीचा आणि कर्केत नीचीचा. वृषभ आणि तूळ या त्याच्या राशींच्या समोरच्या, म्हणून तिथेही तो परक्या घरात असल्यासारखा मानला जातो. इथवर ठीक. पण यावरून 'कर्केचा मंगळ म्हणजे प्रेमात अपयश' असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो परंपरेच्या आधारानेही टिकत नाही.

उच्च-नीच या संज्ञा सांगतात की मंगळाला आपल्या स्वभावाप्रमाणे, म्हणजे झटपट आणि सरळ, वागणं त्या राशीत किती सोपं जातं. प्रेम मिळेल की नाही याचा निवाडा त्यांत नाही. कर्क ही चर रास आहे, सुरुवात करणारी. त्यामुळे कर्केतला मंगळ पुढाकार घेतो, फक्त त्याचा मार्ग भावनेतून जातो. अडचण येते ती राग आणि इच्छा व्यक्त करताना. 'मला तू आवडतेस' किंवा 'मला हे लागलं' असं थेट म्हणण्याऐवजी तो गप्प होतो, आणि समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा धरतो. ज्योतिषी इथे बोट ठेवतात ते याच जागेवर.

तुळेतल्या मंगळाबद्दलही असंच होतं. तो समोरच्याचा कल पाहून पाऊल टाकतो, आमंत्रण देतो पण ते नाकारायची सोय ठेवून. काहींना हा गुळमुळीतपणा वाटतो, काहींना सौजन्य. उलट मकरेतला मंगळ उच्चीचा असूनही प्रेमात पुष्कळदा थंड वाटतो, कारण तो आधी परिस्थिती जुळवून आणतो आणि मग बोलतो. प्रेमातल्या अनुभवासाठी 'उच्च' या शब्दावर फार विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त रास वाचून थांबणं

मंगळ एरवी एका राशीत दीड-दोन महिने राहतो. वक्री झाला, म्हणजे आकाशात उलटा जाताना दिसू लागला, की मुक्काम लांबतो. १९९२-९३ मध्ये तो सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत कर्केतच होता: नोव्हेंबरअखेर वक्री झाला आणि १५ फेब्रुवारीला मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ चालू लागला. या साडेसात महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येकाचा मंगळ कर्केत आहे. ते सगळे एकाच रीतीने प्रेम करतात असं कोणताही जाणता ज्योतिषी म्हणणार नाही. रास ही सुरुवात आहे, तिच्यापुढे निदान तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली म्हणजे मंगळाची गती. आपल्या उदाहरणात मंगळ त्याच दिवशी मार्गी होतो आहे, म्हणजे जवळपास स्तंभी आहे. आकाशात थबकलेल्या ग्रहाचा प्रभाव पत्रिकेत ठळक धरतात. वक्री मंगळाची इच्छा आत वळते, घुसमटते असं म्हणतात, आणि मार्गी होताना ती पुन्हा बाहेर येऊ लागते. म्हणून या व्यक्तीत कर्केची चाल पुसट नसून अगदी उठून दिसेल असा अंदाज ज्योतिषी बांधेल.

दुसरी गोष्ट, शुक्र. त्या दिवशी सायन शुक्र मेषेत, दहा-अकरा अंशांच्या आसपास आहे. मेष आणि कर्क या एकमेकींपासून नव्वद अंशांवरच्या राशी, आणि इथे दोन्ही ग्रहांच्या अंशांतला फरक दोन-तीन अंशांपलीकडे जात नाही, म्हणजे केंद्रयोग घट्ट आहे. अर्थ असा लावतात: या माणसाला आवडतात थेट, धडाडीची, पटकन उत्तर देणारी माणसं, पण स्वतःचा पुढाकार मात्र हळुवार आणि आडवळणाचा. ओढ वेगाची आणि चाल सावध, म्हणून आत सतत खेच. सुरुवातीचं आकर्षण जोरात असतं आणि पुढच्या पावलाशी गाडी अडते. नुसतं 'कर्केतला मंगळ' वाचणाऱ्याला हा ताण कधीच दिसत नाही, आणि या पत्रिकेतली सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे.

तिसरी गोष्ट राशीच्या स्वामीची. कर्केचा स्वामी चंद्र, आणि तो त्या दिवशी सायन धनूत आहे. धनूतला चंद्र भावना मोकळेपणाने, बऱ्याचदा हसतखेळत बोलून दाखवतो. त्यामुळे कर्केच्या मंगळाचं 'कवचात जाणं' इथे नेहमीइतकं लांबत नसावं, असं वाचन ज्योतिषी करेल. रुसवा येईल, पण प्रवासाची किंवा नव्या बेताची गोष्ट निघाली की निवळेल.

तीनही गोष्टी एकत्र धरल्या की चित्र पालटतं. केवळ राशीवरून लाजरा, मुका प्रेमी दिसत होता. आता दिसतो तो माणूस पटकन भुलणारा, पुढे जाताना अडखळणारा आणि मनातलं फार काळ दाबून न ठेवणारा. पत्रिकेतलं वर्णन पटत नसेल तर आधी हे तीन धागे पाहिलेत का, ते तपासा.

बाईचा मंगळ जोडीदाराच्या नावे लिहिणं

जुन्या धाटणीत एक नियम सापडतो: पुरुषाचा मंगळ हा त्याचा स्वतःचा पुढाकार, आणि स्त्रीचा मंगळ म्हणजे तिला कसा पुरुष हवा ते. या नियमाने स्त्रीच्या पत्रिकेतला पुढाकारच काढून घेतला जातो. सिंहेतला मंगळ असलेल्या मुलीला सांगितलं जातं की तुला रुबाबदार नवरा आवडेल. पण तीच पहिल्यांदा बोलणारी, मोठ्या मनाने आणि थोड्या थाटामाटाने प्रेम व्यक्त करणारी असेल, हे राहून जातं. आजचे बहुतेक पाश्चात्य ज्योतिषी मंगळ कोणाच्याही पत्रिकेत त्या व्यक्तीचाच धरतात. मलाही तेच योग्य वाटतं, आणि ज्या वाचनात स्त्रीला स्वतःची इच्छाच नाही ते वाचन मी अपुरं मानते.

समोरच्याचा मंगळ पाहून त्याच्या वागण्याचा अर्थ ठरवणं

'तो उत्तर देत नाही, पण त्याचा मंगळ कर्केत आहे, म्हणजे त्याला वेळ हवा असेल.' असं समजून कितीतरी जण थांबून राहतात. 'माझा मंगळ मेषेत आहे, मी पाठ सोडत नाही' असं म्हणून नकार न ऐकणारेही असतात, आणि ते समोरच्याला त्रास देतात. राशीचं वर्णन ही ज्योतिषाची भाषा आहे, पुरावा नाही. १९८५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात शॉन कार्लसन यांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ज्योतिषांना प्रत्येक पत्रिकेशी तीनपैकी योग्य व्यक्तिमत्त्व-अहवाल जुळवायचा होता, आणि त्यांचं यश नुसत्या अंदाजाइतकंच, तीनात एकाच्या आसपास राहिलं. म्हणून मंगळाचं वर्णन स्वतःच्या सवयींकडे पाहण्यासाठी वापरा. समोरच्याला काय हवं आहे ते त्याच्या बोलण्यातून आणि वागण्यातूनच घ्या, आणि नकार असेल तर तो पत्रिका न उघडता मान्य करा.

जन्मवेळ ठाऊक नसेल तर काय, असंही बरेच जण विचारतात. मंगळ दिवसाला अंशाच्या जवळपास किंवा त्याहून कमीच सरकतो, त्यामुळे राशीपुरतं वेळ नसली तरी चालतं. अपवाद फक्त मंगळ ज्या दिवशी रास बदलतो त्या दिवसाचा. तेव्हा मात्र दिवसाच्या सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन पत्रिका काढून पाहा, आणि दोन्हींत रास वेगळी आली तर जन्मवेळ मिळेपर्यंत मंगळाचं वर्णन बाजूला ठेवा. चंद्राला ही सवलत नाही. तो साधारण सव्वादोन दिवसांत रास बदलतो, म्हणून कर्केच्या मंगळाचा स्वामी पाहताना त्या दिवशी चंद्राने रास बदलली का, हे आधी तपासून घ्यावं लागतं.