चंद्रकलांची आकृती काढताना कोर कुठे चुकते

मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती चंद्राची कक्षा, कक्षेवर सारख्या अंतरावर आठ चंद्र. सूर्यप्रकाश उजवीकडून, सगळे बाण समांतर. आपण उत्तर ध्रुवाच्या वरून पाहतो आहोत असं धरायचं, म्हणजे चंद्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो.

आता आठही चंद्रांचा डावा अर्धा भाग काळा करा. हो, आठही. पौर्णिमेचासुद्धा आणि अमावास्येचासुद्धा. चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो (ग्रहण वगळता). बदलते ती फक्त आपली बघण्याची बाजू. इथेच कोरी काढून ठेवणाऱ्या आकृत्या सरळ फेकून द्याव्यात.

खरी मेख पुढे आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यातला चंद्र घ्या, अमावास्येनंतर 45 अंश पुढे गेलेला. पृथ्वीपासून त्याच्या मध्यापर्यंत रेषा काढा आणि मध्यातूनच तिला काटकोनात दुसरी, तुटक रेषा. तुटक रेषेच्या पृथ्वीकडच्या बाजूला जे आहे तेवढंच आपल्याला दिसतं. त्यात उजळलेली फक्त एक अरुंद पाचर उरते. तीच आपली कोर.

ती किती जाड काढायची, हे अंदाजाने ठरवू नका. उजेड-अंधाराच्या सीमेचं जे टोक पृथ्वीकडच्या बाजूला आहे, तिथून तुटक रेषेवर लंब टाका. तो मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे 0.7 पट अंतरावर पडतो. बाजूला चंद्राची वेगळी चकती काढून मध्यापासून उजवीकडे तेवढ्याच प्रमाणात खूण करा. मग चकतीचं वरचं टोक, ही खूण आणि खालचं टोक यांतून जाणारी वक्ररेषा काढा. ही अर्धी लंबवर्तुळाकार रेषा असते, वर्तुळाचा तुकडा नव्हे. ती कंपासने काढायला जाऊ नका. कोरीची दोन्ही टोकं व्यासाच्या दोन टोकांवरच संपली पाहिजेत. ती त्यापुढे वळली, तर तुम्ही कला नाही, ग्रहण काढलंय.

पृथ्वीच्या सावलीमुळे कला दिसतात म्हणणाऱ्याला हीच आकृती दाखवा: सावली डावीकडे पडते, आणि कोरीचा चंद्र उजवीकडे आहे. पौर्णिमेचा चंद्र मात्र कागदावर सावलीत सापडतो. प्रत्यक्षात त्याची कक्षा सुमारे 5 अंश कललेली असल्याने तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो.

बाकीचे चंद्र याच रीतीने. फक्त प्रत्येक वेळी कागद फिरवा: पृथ्वी तुमच्याकडे, चंद्र पलीकडे. हे टाळलंत तर खालच्या चंद्राला दगा बसतो. कागदावर त्याची उजवी बाजू उजळलेली आहे, पण कागद फिरवला की उजेड डावीकडे येतो. वद्य अष्टमीचा चंद्र उत्तर गोलार्धातून तसाच दिसतो. दक्षिण गोलार्धातल्या वाचकासाठी काढत असाल तर चकत्या उलट्या करा.