वेल पसरण्याआधीच मोजा कलिंगडाची रोपं

कोकणात भात काढून डिसेंबर-जानेवारीत कलिंगड लावलं असेल, तर ड्रोनने रोपं मोजायची वेळ लावणीनंतर पंधरा दिवसांच्या आसपास येते. तोवर नांग्या भरून झालेल्या असतात आणि वेल एकमेकांत शिरलेले नसतात. आठवडाभर उशीर झाला की दोन रोपं कुठे संपतात ते फोटोत कळत नाही.

सकाळी नऊ-साडेनऊला उडवा. दुपारी समुद्राकडचा वारा सुटतो, पानं हलतात. शिवाय चंदेरी मल्चिंग इतकं चमकतं की रोप त्या चकाकीतच हरवतं. लहान ड्रोन १५ मीटरवर ठेवला, तर एका फोटोत साधारण चार गुंठे येतात आणि वीतभर रोपही स्पष्ट दिसतं. फोटो एकमेकांवर चढतात, म्हणून ठरावीक सऱ्यांच्या टोकाला खताची पांढरी रिकामी गोणी अंथरून दगड ठेवा. त्या खुणेमुळे तीच ओळ दोनदा मोजली जात नाही. आणि सिंधुदुर्गातल्या चिपीसारखा विमानतळ जवळ असेल, तर ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा आधी बघाच.

मोजणी फसते ती हिरव्या रंगाने. मल्चिंगच्या भोकातून वर आलेलं तण किंवा सरीतल्या भाताच्या धसकटाला फुटलेला कोंब फोटोतली रोपं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला रोपच वाटतो. उलट एका भोकात दोन रोपं असली तरी ती एकच धरली जातात. म्हणून शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या चार ओळी स्वतः चालत मोजायच्या. हे टाळलं तर बाकीचा हिशेब व्यर्थ.

वीस गुंठ्यांचं उदाहरण घ्या. सहा फूट बाय दीड फुटावर २,४२० भोकं बसतात. फोटोत २,१९० रोपं आली. चार ओळींत फोटो ४२० दाखवतो, प्रत्यक्षात निघाली ४००. म्हणजे २,१९० ला ४०० ने गुणून ४२० ने भागा: खरी रोपं सुमारे २,०८६.

मर आणि विषाणू रोगात दहा टक्के जातील असं धरलं, तर १,८७७ उरतात. वेलामागे विकण्याजोगी सरासरी १.२ फळं आणि फळ ३ किलोचं धरलं, तर पावणेसात टन माल. पण एकच फळ लागलं आणि तेही अडीच किलोचं, तर पावणेपाच टनांवर येतं. रोपांचा आकडा फोटोने दिला, फळांचा आपण धरला, हे लक्षात असू द्या. व्यापारी आगाऊ भाव ठरवायला आला, तर मी त्याला खालचाच आकडा सांगेन.

लावणीनंतर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पुन्हा ड्रोन उडवून उपयोग नाही, फळं पानांखाली असतात. तेव्हा दहा ठिकाणी दहा-दहा वेल चाळा, मुठीएवढी झालेली फळंच मोजा, त्यांना शंभराने भागा आणि १.२ च्या जागी तो आकडा घाला.