थकवा, फिकट चेहरा आणि बर्फ चावायची ओढ: रक्तक्षयात या चुका टाळा

जानेवारीतली थंडी होती. सकाळी सगळे स्वेटर घालून उन्हात बसले होते आणि माझी वहिनी ओट्याशी उभी राहून वाटीतले बर्फाचे खडे कडाकड चावत होती. आई म्हणाली, "काऊन गं, एवढ्या थंडीत बर्फ काऊन खाते?" वहिनी म्हणाली, "आई, नाही खाल्ला तर चैनच पडत नाही. दिवसातून दोन ट्रे तरी लागतात."

मी नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं काम करते. रोज शेकडो सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचे कागद, डोळ्यांखालून जातात, आणि तरीही घरातल्याच बाईचा बर्फ मला आठ महिने दिसला नाही. तो मे महिन्यात, नवतपात सुरू झाला होता. तेव्हा कूलरपुढे बसून सगळेच बर्फ खातात, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. त्या आठ महिन्यांत आम्ही केलेल्या चुका लॅबमध्ये येणाऱ्या कितीतरी घरांत होतात, म्हणून त्या इथे मांडते.

उन्हाला दोष देणं

तहान लागली म्हणून थंड पाणी पिणं वेगळं आणि बर्फ चावल्याशिवाय राहवत नाही हे वेगळं. पाणी प्यायलं की तहान भागते. ही ओढ भागत नाही, ती खड्याची असते, चावण्याची असते. शरीरातलं लोह संपत आलं की अनेकांना ती लागते. कोणाला बर्फ हवा असतो, कोणाला कच्चे तांदूळ, खडू किंवा माती. आपल्याकडे माती खाल्ल्याचं बाई लाजून सांगत नाही आणि बर्फ खाणं कोणाला सांगण्यासारखं वाटत नाही, म्हणून डॉक्टरपर्यंत दोन्ही पोचत नाहीत. तुम्ही जरूर सांगा.

बाकीच्या खुणाही होत्या, पण सुट्या सुट्या. जिना चढताना धाप लागायची, ती वजनावर ढकलली. केस गळायचे, ते बोअरच्या पाण्यावर. नखं भांडी घासताना तुटायची, ती साबणावर. त्या दिवशी मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याचं नख मधे खोलगट झालं होतं, पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळणार नाही इतकं, आणि त्यावर उभ्या रेषा होत्या. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली कड गुलाबी नव्हती, पांढुरकी होती. मात्र पापणी लालसर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. थोडं कमी झालेलं रक्त पापणीवरून कळत नाही. त्यासाठी शिरेतून रक्त देऊन सीबीसीच करावी लागते.

तपासणीआधी बीट, खजूर आणि टॉनिक

वहिनीने त्याआधी दोन महिने रोज बीटाचा रस प्यायला होता. बीट लाल, रक्त लाल, एवढाच त्यामागचा हिशेब. १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, आणि भाजीपाल्यातल्या लोहाचा थोडासाच भाग शरीर घेतं. डाळिंबात तर त्याहून कमी. आता खर्चाची बाजू बघा. चांगल्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं. रोजच्या जेवणातून अंगी लागतं ते एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेतच संपतं. असा साठा एकदा रिकामा झाला की तो रसाने भरत नाही.

अळीव, लाल माठ, अंबाडीची भाजी, मटण खाणाऱ्या घरात कलेजी, हे सगळं चांगलंच आहे. ते पुढे साठा टिकवायला उपयोगी पडतं, औषधाच्या जागी नाही. (गरोदरपणात मात्र कलेजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.)

टॉनिकचं दुखणं वेगळं. थोडं लोह आधीच पोटात गेलं की फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वर सरकतं, आणि मुळात किती कमी होतं ते कळत नाही. आधी रक्त द्या, मग औषध सुरू करा.

फक्त हिमोग्लोबिनचा आकडा वाचणं

वहिनीचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं. गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली आणि पुरुषात १३ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण हा आकडा रक्त कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. त्यासाठी त्याच कागदावर आणखी दोन ओळी बघाव्या लागतात. एक एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, जो मोठ्या माणसात ८० ते १०० असायला हवा. तिचा ६६ होता, म्हणजे पेशी बारीक. दुसरी ओळ लाल पेशींची संख्या. तिची ३.९ होती, म्हणजे पेशी कमीच बनत होत्या.

आपल्या विदर्भात हे बघणं फार गरजेचं आहे. इथे सिकलसेल घराघरांत ऐकू येतो, आणि थॅलेसेमियाचे वाहकही आहेत. थॅलेसेमिया वाहकाच्याही पेशी बारीक असतात, पण त्यांची संख्या भरपूर असते. समजा एखाद्याचं हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही ६३ आणि पेशी ५.६ आहेत. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागा. उत्तर ११ च्या आसपास येतं. वहिनीचं १७ येतं. १३ च्या वर असेल तर लोहाची कमतरता जास्त संभवते, खाली असेल तर थॅलेसेमियाचा वाहक. हा अंदाज आहे, निकाल नाही. निकालासाठी फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी एचपीएलसी करतात. लोह फार कमी असताना केलेल्या एचपीएलसीत थॅलेसेमियाची खूण दबू शकते, म्हणून शंका राहिली तर लोह भरून झाल्यावर डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात.

सिकलसेलचं म्हणाल तर नुसत्या वाहकाला त्यामुळे रक्तक्षय होत नाही. वाहकाचं रक्त कमी असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं. ज्याला आजारच आहे आणि वारंवार रक्त चढवलं आहे, त्याच्या अंगात लोह जास्त साठलेलं असू शकतं, आणि अशाला कोणीतरी सांगितलं म्हणून लोहाच्या गोळ्या देणं घातक आहे. घरात सिकलसेलचा कोणी असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

वहिनीचं फेरिटिन ४ आलं. १५ च्या खाली असेल तर साठा संपला असं समजतात, आणि ३० च्या खाली लक्षणं असतील तर बरेच डॉक्टर उपचार करतात. काही रिपोर्टवर छापलेली खालची मर्यादा दहा-बारापासून सुरू होते, त्यामुळे १३ फेरिटिनला लाल खूण होत नाही आणि माणूस "नॉर्मल आहे" म्हणून घरी जातो. उलट अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं. ताप उतरू द्या, मग तपासा.

गोळी चहासोबत घेणं

खरं तर वहिनीला वर्षभरापूर्वीही लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. ती त्या सकाळच्या चहासोबत घ्यायची, वरून कॅल्शियमची गोळी. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला आतड्यातच अडवतात. मळमळ झाली, शी काळी झाली, ती घाबरली आणि वीस दिवसांत बंद केल्या.

काळी शी लोहाच्या गोळीने होतेच, त्यात काही बिघाड नाही. मात्र डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शी झाली तर ते पोटातलं रक्त असू शकतं. तेव्हा लगेच दवाखाना गाठा.

या वेळी डॉक्टरांनी तिला वेळ बांधून दिली. गोळी सकाळी अकराला, जेवणाच्या तासभर आधी, लिंबूपाण्यासोबत. संत्र्याच्या दिवसांत ती एक संत्रं खायची. आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा, कॉफी, दूध नाही. कॅल्शियम रात्री. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मळमळ होऊ लागली तेव्हा त्यांनी गोळी एक दिवसाआड केली. एक गोळी घेतली की पुढचे साधारण चोवीस तास आतडं लोह कमी घेतं, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेली गोळी वाया कमी जाते. तुमचं प्रमाण तुमचे डॉक्टर ठरवतील. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात ठेवा. या गोळ्या चुकून खाल्लेल्या मुलाच्या जिवावर बेततं.

बरं वाटलं की बंद करणं

बर्फाची ओढ दहाव्या दिवशी गेली. हिमोग्लोबिन अजून वाढलंही नव्हतं. ओढ आधी जाते, आकडा नंतर चढतो. चार आठवड्यांनी ९.४ आणि तीन महिन्यांनी १२.१. इथेच बहुतेक जण थांबतात. पण १२ झालं म्हणजे रोजचा खर्च निघाला, साठा अजून रिकामाच असतो. त्यानंतर साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. चार आठवड्यांत एक ग्रॅमही वाढ नसेल, तर गोळी नीट घेतली जात नाही, आतडं शोषत नाही, रक्त अजून जातं आहे किंवा निदानच चुकलं आहे. तेव्हा ब्रँड बदलत बसू नका, डॉक्टरांकडे परत जा.

रक्त कुठे गेलं, हे न विचारणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक. वहिनीची पाळी आठ-नऊ दिवस चालायची, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावा लागायचा, मोठ्या गाठी पडायच्या. तिला ते जास्त वाटतच नव्हतं, कारण तिच्या आईचंही तसंच होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली आणि त्याचे उपचार सुरू झाले.

पुरुष असेल किंवा पाळी थांबलेली बाई असेल तर लोह कमी का, हे पोट आणि आतड्याची तपासणी केल्याशिवाय सोडू नका. मूळव्याध, रोजची दुखण्याची गोळी, अल्सर आणि आतड्याचा कॅन्सरसुद्धा असाच गुपचूप रक्त घालवतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत जंत हेही कारण असतं. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडलात, हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल किंवा गरोदरपण असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मेडिकलला, मेयोला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

ऑक्टोबरमध्ये वहिनीचा फोन आला. "पुन्हा बर्फ खावासा वाटून राहिला." दुसऱ्या दिवशी मी तिचं रक्त घेतलं. हिमोग्लोबिन ११.८, १२ च्या जरासंच खाली. फेरिटिन ९. गोळ्या संपून दोन महिने झाले होते आणि पाळी पुन्हा वाढली होती. त्या वेळी बर्फाचा पहिलाच ट्रे रिकामा झाला होता.