रुबेला-टॉक्सोचा रिपोर्ट हातात आला की या चुका टाळा

बाळाचा विचार सुरू झाला की डॉक्टर रक्ततपासण्यांची यादी देतात. त्यात रुबेला हा पुरळ आणणारा विषाणूजन्य आजार आणि टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजेच टॉक्सो, हा कच्च्या मांसातून किंवा मांजराच्या विष्ठेतून येणारा जंतू, या दोन्हींच्या तपासण्या असतात. रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' ठळक अक्षरांत छापलेलं असतं, शेजारी 'हाय' अशी खूण असते आणि घरात धावपळ सुरू होते. खरं तर या दोन तपासण्यांत आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते.

आयजीजी म्हणजे जुन्या संसर्गातून किंवा लसीतून शरीरात तयार झालेल्या आणि टिकून राहिलेल्या प्रतिपिंडांची मोजणी. आयजीएम नव्या संसर्गात आधी वाढतं. म्हणून गर्भधारणेआधी मुख्य प्रश्न आयजीजीचा. आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणजे आत्ताच संसर्ग झालाय, असं धरून चालणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. टॉक्सोचं आयजीएम संसर्गानंतर कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ रक्तात दिसत राहतं. काही वेळा ते चुकीचंही पॉझिटिव्ह येतं. त्या एका आकड्यावर गोळ्या सुरू करायच्या नाहीत.

समजा, २८ वर्षांच्या एका बाईचा रिपोर्ट असा आहे: रुबेला आयजीजी ४ (त्या लॅबची मर्यादा १० आययू प्रति मिली), रुबेला आयजीएम निगेटिव्ह, टॉक्सो आयजीजी स्पष्ट पॉझिटिव्ह, टॉक्सो आयजीएम किंचित पॉझिटिव्ह. घरचे टॉक्सोला घाबरतील. काम मात्र रुबेलाचं आहे.

टॉक्सोचा उलगडा अ‍ॅव्हिडिटी नावाच्या चाचणीने होतो. आयजीजी प्रतिपिंडं जंतूला किती घट्ट धरतात, हे त्यात पाहतात. पकड जुनी होत जाते तशी घट्ट होते. अ‍ॅव्हिडिटी 'हाय' आली तर संसर्ग साधारण चार महिन्यांपेक्षा जुना आहे, म्हणजे या बाईने टॉक्सोसाठी थांबायचं कारण नाही. 'लो' आली तर मात्र संसर्ग नवाच आहे असं सिद्ध होत नाही, कारण काहींची पकड बराच काळ सैलच राहते. तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासून आकडा चढतोय का ते पाहतात. संसर्ग खरंच ताजा निघाला, तर किती थांबायचं ते डॉक्टर सांगतात. सहा महिने थांबण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो.

आता रुबेला. '४ तर ४, थोडी तरी प्रतिकारशक्ती आहे ना' हा हिशोब इथे लागू नाही. तिला लस हवी. 'लहानपणी गोवराची लस झालीय' हे उत्तरही पुरेसं नाही, कारण सरकारी लसीकरणात पूर्वी फक्त गोवराची लस असे. गोवर-रुबेला मोहीम देशात २०१७ मध्ये सुरू झाली. 'मला लहानपणी पुरळ आलं होतं' हाही पुरावा नव्हे, पुरळ कितीतरी आजारांत येतं. पहिल्या तिमाहीत आईला रुबेला झाला, तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना आणि हृदयाला इजा होण्याचा धोका फार मोठा असतो.

ही लस जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर किमान २८ दिवस गर्भधारणा टाळायची असते. काही डॉक्टर त्याहून जास्त थांबायला सांगतात, त्यांचं ऐकावं. नकळत लगेच दिवस गेले तर केवळ त्या कारणासाठी गर्भपात करू नये. लसीमुळे बाळाला इजा झाल्याचं आढळलेलं नाही. लसीनंतर आकडा वाढला का म्हणून दर महिन्याला तपासत बसणं हा निव्वळ लॅबचा फायदा.

टॉक्सो आयजीजी निगेटिव्ह असेल तर? त्यावर लसच नाही. तिथे स्वयंपाकघरातली काळजी कामाला येते. मटण, खिमा आत गुलाबी न राहता पूर्ण शिजवायचा. कच्चं मांस चिरलेली सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला लावायचे नाहीत. कोथिंबीर-पालकाची माती नीट धुवायची, कुंड्यांत हातमोजे घालून काम करायचं. घरचं मांजर हाकलायची गरज नाही. त्याची विष्ठा दुसऱ्या कुणी रोज साफ केली तर बरं, कारण विष्ठेतले जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात.

रिपोर्टचा कागद फेकू नका. आज टॉक्सो आयजीजी निगेटिव्ह होतं आणि गरोदरपणात पॉझिटिव्ह आलं, तर संसर्ग मधल्या काळातला आहे हे जुन्या कागदावरूनच कळतं, आणि डॉक्टरांना उपचार लगेच ठरवता येतात.