डेव्हिएशनला 32 मिळवले आणि रिपोर्ट गंडला

दुधाच्या फ्रीजचं पाच दिवसांचं तापमान सेल्सिअसमध्ये होतं: 2, 4, 4, 5, 10. सरासरी 5, मध्यक 4, STDEV.S ने स्टँडर्ड डेव्हिएशन 3. रिपोर्ट फॅरनहाइटमध्ये हवा होता म्हणून मी तिन्हींना 1.8 ने गुणून 32 मिळवले, सरासरी 41 आली, मध्यक 39.2, दोन्ही बरोबर, पण डेव्हिएशन चक्क 37.4! सगळे आकडे 35.6 ते 50 च्या मधले, मग डेव्हिएशन एवढं कसं असेल?

32 मिळवले की सगळे आकडे एकत्रच सरकतात ना, एकमेकांतलं अंतर तेवढंच राहतं, ते वाढतं फक्त 1.8 ने गुणल्यावर. म्हणून डेव्हिएशन नुसतं 3 × 1.8 = 5.4. एकेक आकडा फॅरनहाइटमध्ये करून परत STDEV.S लावलं, तेव्हाही 5.4 च आलं.